एका कमानीचा फरक

बारावीतल्या एका मुलीने वहीच्या पानाचा फोटो मोबाइलवर पाठवला आहे. पानावर पाच गेट असलेले सर्किट आहे आणि प्रश्न दोन आहेत: यातल्या प्रत्येक गेटचे नाव काय, आणि प्रत्येकातून बाहेर काय पडते? डावीकडून ए, बी आणि सी-इन अशा तीन तारा आत येतात. उजवीकडे एस आणि सी-आउट अशा दोन तारा बाहेर पडतात. फोटो संध्याकाळी दिव्याखाली काढलेला आहे, पान थोडे वाकलेले आहे आणि वरच्या डाव्या कोपऱ्यावर मोबाइलची सावली पडली आहे. नेमके तिथलेच गेट नीट दिसत नाही.

लॉजिक गेट म्हणजे एक किंवा अधिक तारांवरचे 0 आणि 1 घेऊन, ठरलेल्या नियमाने बाहेरच्या एका तारेवर 0 किंवा 1 देणारे छोटे सर्किट. हे 0 आणि 1 म्हणजे प्रत्यक्षात विजेचा दाब असतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळणाऱ्या 5 व्होल्टवर चालणाऱ्या टीटीएल जातीच्या चिपमध्ये आत येणारा दाब 0.8 व्होल्टपर्यंत असेल तर तो 0 मानला जातो आणि 2 व्होल्टच्या वर असेल तर 1. मधला दाब आला तर चिप काय समजेल याची खात्री नसते. आकृतीत मात्र व्होल्टचा उल्लेख नसतो. तिथे फक्त आकार असतात, आणि नियम त्या आकारात दडलेला असतो.

हे आकार वाचताना आधी टोक पाहावे, मग पाठ, मग बबल. टोक म्हणजे जिथून एकच तार बाहेर पडते ती बाजू, आणि पाठ म्हणजे जिथून तारा आत येतात ती. फोटो आडवा किंवा उलटा आला असला तरी टोकावरून दिशा कळते. टोक गोलसर अर्धवर्तुळाचे आणि पाठ सरळ उभी रेघ असेल तर ते अँड गेट. त्याचे सगळे इनपुट 1 असतील तरच ते 1 देते. टोक अणकुचीदार आणि पाठ आत वळलेली असेल तर ते ऑर गेट. एक जरी इनपुट 1 असला तरी ते 1 देते. त्याच ऑरच्या पाठीमागे, थोडे अंतर सोडून, तशीच दुसरी कमान काढलेली असेल तर ते एक्सॉर गेट. त्याचे दोन इनपुट वेगवेगळे असतील तर 1, सारखे असतील तर 0. याखेरीज त्रिकोण असतो. त्याच्या टोकाला छोटे वर्तुळ असेल तर ते नॉट गेट, आणि ते 0 चा 1 व 1 चा 0 करते. वर्तुळ नसेल तर तो बफर, जो आले ते तसेच पुढे पाठवतो.

त्या छोट्या वर्तुळाला बबल म्हणतात आणि त्याचा अर्थ नेहमी एकच असतो: इथे उलटे करा. अँडच्या टोकाला बबल आला की ते नँड होते. सगळे इनपुट 1 असतील तेव्हाच ते 0 देते, एरवी 1. ऑरच्या टोकाला बबल आला की नॉर, म्हणजे सगळे इनपुट 0 असतील तेव्हाच 1. एक्सॉरच्या टोकाला बबल आला की एक्सनॉर, म्हणजे इनपुट सारखे असतील तेव्हा 1. पाठ्यपुस्तकात या सात नावांचा तक्ता असतो आणि मुले तो पाठ करतात. माझ्या मते तक्ता पाठ करण्यापेक्षा अँड, ऑर आणि एक्सॉर हे तीन आकार आणि बबलचा एक अर्थ ध्यानात ठेवावा. मग कुठलेही गेट जागच्या जागी उलगडता येते. कधी बबल टोकाऐवजी पाठीशी, इनपुटच्या तारेवर असतो. तिथेही अर्थ तोच, फक्त उलटापालट गेटमध्ये शिरण्याआधी होते. ऑरच्या दोन्ही इनपुटांवर बबल असतील तर ते नँडसारखेच वागते. हा नियम ज्या ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने शिकवला जातो, त्या गणितज्ञाचा जन्म 1806 मध्ये आपल्याकडे, मदुराईला झाला होता.

कागदावर हे सगळे स्पष्ट असते. अडचण येते ती फोटोत, आणि तिचे कारण साध्या हिशेबात सापडते. ए-फोर आकाराचे पान सुमारे 297 मिलिमीटर लांब असते. अख्ख्या पानाचा फोटो काढला आणि पाठवताना आकार घटून त्याची लांब बाजू समजा 1600 पिक्सेलवर आली, तर एका मिलिमीटरच्या वाट्याला जेमतेम 5 पिक्सेल येतात. वहीत काढलेला बबल साधारण मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा असतो. म्हणजे तो अख्खा बबल 5 ते 8 पिक्सेलांत बसवायचा. त्यातली रेघच दोन्ही बाजूंनी एक-दोन पिक्सेल खाते, आणि आत पांढरे म्हणून तीन-चार पिक्सेल उरतात. एक्सॉरच्या दोन कमानींमधल्या फटीचेही तसेच. शिवाय नेहमीची जेपेग पद्धत चित्राचे 8 गुणिले 8 पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातले बारकावे कमी करते. बबल किंवा कमानींमधली फट अशा एखाद्या चौकोनातच मावते. हात किंचित हलला की पांढरा भाग करडा होतो, बबल ठिपक्यासारखा दिसतो आणि दोन कमानींची एक जाड कमान होते. आकृतीत सर्वांत जास्त अर्थ वाहणारे दोन भाग आकाराने सर्वांत लहान असतात, आणि फोटोत आधी तेच जातात.

आता त्या मुलीच्या आकृतीकडे वळू. ए आणि बी या तारा वरच्या डाव्या गेटमध्ये जातात. त्या गेटचे टोक अणकुचीदार आहे आणि पाठ आत वळलेली आहे, पण सावलीमुळे पाठीची रेघ जाड, काळपट दिसते. त्यातून निघालेली तार उजवीकडच्या दुसऱ्या गेटमध्ये जाते. तिथे खालून सी-इन येऊन मिळते आणि एस बाहेर पडते. या दुसऱ्या गेटला दोन कमानी स्वच्छ दिसतात, म्हणून ते एक्सॉर. खाली आणखी दोन गेट आहेत. एकाला ए आणि बी, दुसऱ्याला पहिल्या गेटचे आउटपुट आणि सी-इन. पान वाकल्यामुळे या दोघांची पाठ किंचित बाकदार वाटते, पण टोक पूर्ण गोल आहे. पाठीविषयी शंका आली की टोकाचे ऐकावे. कागदाच्या बाकामुळे सरळ रेघ वळलेली दिसू शकते, पण अर्धवर्तुळाचे अणकुचीदार टोक होत नाही. म्हणून ही दोन्ही अँड. त्या दोघांचे आउटपुट उजवीकडच्या शेवटच्या गेटमध्ये जातात. त्याची पाठ वळलेली, कमान एकच, टोक अणकुचीदार. ते ऑर, आणि त्यातून सी-आउट निघते.

राहिले ते सावलीतले पहिले गेट. ऑर की एक्सॉर? नुसते डोळे बारीक करून पाहत बसण्याऐवजी सर्किटच्या कामाकडे पाहावे. तीन तारा आत, दोन बाहेर, आणि नावांत एस म्हणजे बेरजेचा अंक व सी म्हणजे हातचा. हे फुल अॅडर आहे. शाळेत आपण एककाच्या घरातली बेरीज नऊच्या वर गेली की हातचा घेऊन दशकाच्या घरात मिळवतो. हे सर्किट तेच काम 0 आणि 1 या दोनच अंकांत करते. ए आणि बी हे मिळवायचे दोन अंक, सी-इन हा उजवीकडच्या घरातून आलेला हातचा, एस हा त्या घरात लिहायचा अंक आणि सी-आउट हा डावीकडे जाणारा हातचा. दोन अंकी पद्धतीत हातच्याची किंमत 2 असते. म्हणून सी-आउटची दुप्पट करून त्यात एस मिळवला की आत आलेल्या तीन अंकांची बेरीज मिळाली पाहिजे. गेटांची नावे बरोबर आहेत की नाही हे या एका कसोटीवर तपासता येते.

आधी पहिले गेट एक्सॉर आहे असे धरू आणि ए 1, बी 1, सी-इन 0 अशी परिस्थिती घेऊ. पहिल्या एक्सॉरचे दोन्ही इनपुट सारखे आहेत, म्हणून त्यातून 0 निघतो. दुसऱ्या एक्सॉरकडे हा 0 आणि सी-इनचा 0 जातो. तेही सारखे, म्हणून एस 0. ए आणि बी घेणारे अँड 1 देते. दुसऱ्या अँडकडे दोन्ही 0 आहेत, ते 0 देते. शेवटच्या ऑरकडे 1 आणि 0 आले, म्हणून सी-आउट 1. हातचा 1 म्हणजे 2, अंक 0, एकूण 2. एक आणि एक दोन झाले.

आता तेच गेट ऑर समजून पुन्हा मोजू. ऑरचे दोन्ही इनपुट 1, म्हणून त्यातून 1 निघतो. दुसऱ्या गेटकडे 1 आणि 0 हे वेगळे अंक गेले, म्हणून एस 1. सी-आउट पूर्वीसारखाच 1. हातच्याचे 2 आणि अंकाचा 1 मिळून 3. एक आणि एक मिळून तीन होत नाहीत. म्हणजे नाव चुकले, आणि सावलीखाली कमानी दोन असल्या पाहिजेत.

ही चूक ओळखायला अवघड का असते, हे आठही ओळींची सत्यता सारणी मांडली की समजते. पहिले गेट ऑर धरले तर आठांपैकी फक्त दोन ओळी चुकतात, त्याही जिथे ए आणि बी दोघेही 1 आहेत तेवढ्याच. सी-इन 0 असताना 2 ऐवजी 3 येतात, आणि सी-इन 1 असताना 3 ऐवजी 2. बाकीच्या सहा ओळी तंतोतंत जुळतात. सी-आउटचा रकाना तर आठही ओळींत बरोबर येतो. एखाद्याने वरच्या दोन-तीन ओळी तपासून समाधान मानले, किंवा फक्त हातचा पाहिला, तर चुकीचे नाव तसेच पुढे जाईल. ऑर आणि एक्सॉर यांच्यात फरक पडतो तो दोन्ही इनपुट 1 असतानाच. म्हणून या दोन नावांत घोळ असेल तेव्हा त्या गेटच्या दोन्ही तारांवर 1 येईल अशी ओळ मुद्दाम शोधून तीच आधी मोजावी.

हीच गोष्ट शेवटच्या गेटला लावून पाहिली तर वेगळेच काही हाती लागते. समजा सावली तिथे पडली असती आणि आपण त्या ऑरला एक्सॉर म्हटले असते. आठही ओळी मोजून पाहा, एकही चुकत नाही. त्या गेटच्या दोन्ही तारांवर एकाच वेळी 1 येऊच शकत नाही. पहिले अँड 1 देते तेव्हा ए आणि बी दोन्ही 1 असतात. मग पहिले एक्सॉर 0 देते, आणि तो 0 मिळाल्यामुळे दुसरे अँड 0 च देते. जिथे ऑर आणि एक्सॉर वेगळे वागतात ती वेळ इथे कधीच येत नाही. म्हणून या जागी सर्किटच्या कामावरून नाव ठरवता येणार नाही. तिथे चित्रच पाहावे लागेल आणि कमानी मोजाव्या लागतील. बेरीज जुळली म्हणजे सगळी नावे बरोबर आहेत असे नव्हे, हे या पाच गेटांत नीट दिसते. परीक्षेत नाव आणि आउटपुट यांचे गुण वेगवेगळे असतील तर हा भेद उपयोगी पडतो. दुरुस्तीच्या कामात तर चिप कोणती आणायची हेच त्यावर ठरते. एक्सॉरची चिप 7486, ऑरची 7432, अँडची 7408. तिन्हींना चौदा पाय, प्रत्येकीत दोन इनपुटांची चार गेट आणि त्यांच्या पायांची मांडणीही सारखीच. त्यामुळे चुकीची चिप बसवली तरी ती मुकाट चालते आणि चूक फक्त उत्तरात दिसते.

बबल गेला तर मात्र सहसा पहिल्याच ओळीत कळते. समजा ए आणि बी घेणाऱ्या अँडच्या टोकाशी कागदावर शाईचा ठिपका पडला होता आणि आपण त्याला बबल समजून गेट नँड धरले. तिन्ही इनपुट 0 ठेवा. नँड 1 देते, शेवटचे ऑर तो पुढे नेते आणि सी-आउट 1 होतो. शून्य, शून्य आणि शून्य यांची बेरीज 2 आली. इथे पुढे मोजायची गरजच नाही.

अवघड प्रसंग येतो तो सगळे बबल एकदम पुसले जातात तेव्हा. एक्सॉरचे काम चार नँड गेटांनी करता येते, आणि ही आकृती अभ्यासक्रमात वारंवार भेटते. पहिले नँड ए आणि बी घेते. त्याचे आउटपुट दोन नँडांना जाते. एकाला सोबत ए मिळतो, दुसऱ्याला बी. त्या दोघांचे आउटपुट चौथ्या नँडमध्ये येतात. ए 1 आणि बी 0 घेऊ. पहिले नँड 1 देते. ए सोबतच्या नँडला 1 आणि 1 मिळतात, ते 0 देते. बी सोबतच्याला 0 आणि 1 मिळतात, ते 1 देते. चौथ्याकडे 0 आणि 1, म्हणून शेवटी 1. दोन्ही इनपुट 1 केले तर पहिले 0 देते, मधली दोन्ही 1 देतात आणि शेवटी 0. एक्सॉरच झाले. पण फोटोत चारही बबल दिसले नाहीत आणि चौघांना अँड म्हटले, तर शेवटी जे मिळते ते एकट्या अँडचेच उत्तर असते: दोन्ही 1 तर 1, नाहीतर 0. जे काम एका अँडने होते त्यासाठी चार अँड कुणी काढणार नाही. उत्तर असे विनाकारण साधे येऊ लागले, की फोटो मोठा करून गेटच्या टोकापाशी तार जिथून सुरू होते ती जागा पाहावी. बबल असेल तर तार टोकाला चिकटत नाही, मध्ये थोडी जाडी किंवा करडा डाग दिसतो.

तारांमध्येही फसगत होते. फुल अॅडरच्या आकृतीत ए आणि बी वरच्या गेटकडे जाताना त्यांच्यातून खालच्या अँडसाठी फाटे फुटतात, आणि यातला एक फाटा दुसऱ्या तारेला ओलांडून जातो. टी अक्षरासारखा फाटा म्हणजे जोड. अधिक चिन्हासारखी ओलांडणी असेल तर काळा ठिपका असला तरच जोड, एरवी तारा एकमेकींवरून नुसत्या जातात. फोटोत ठिपका पुसट झाला किंवा ओलांडणीच्या जागी रेघा मिसळून ठिपक्यासारख्या दिसल्या, तर एक प्रश्न विचारावा: हा जोड मानला तर कोणत्या दोन तारा एक होतात? ए आणि बी एक होत असतील तर दोन वेगळी इनपुट काढण्याला अर्थच उरत नाही. दोन गेटांची आउटपुट एकमेकांना जोडली जात असतील तरी तो जोड नसावा. साध्या गेटांची आउटपुट अशी जोडत नाहीत, कारण एक गेट तार 1 वर ओढेल आणि दुसरे 0 वर.

काही परदेशी पुस्तकांत आणि यंत्रांच्या मॅन्युअलमध्ये हे आकार नसतातच. तिथे सगळी गेट आयताकृती असतात आणि आत खूण लिहिलेली असते: अँडसाठी `&`, ऑरसाठी `≥1`, एक्सॉरसाठी `=1`, आणि नॉटसाठी `1` व टोकाला बबल. या खुणा अर्थावरून पडल्या आहेत. ऑरला किमान एक 1 हवा, एक्सॉरला नेमका एकच. त्या वाचायला सोप्या आहेत, पण पुसट फोटोत `≥1` आणि `=1` एकमेकांसारखे दिसतात, म्हणजे पुन्हा तीच ऑर-एक्सॉरची जोडी घोळ घालते. तिथेही कसोटी तीच: दोन्ही तारांवर 1 ठेवा आणि सर्किट काय म्हणते ते पाहा.

या बेरजेच्या सर्किटामागे एका तरुण अभियंत्याचे काम आहे. इंग्लंडच्या जॉर्ज बूल यांनी 1854 च्या ग्रंथात तर्काची विधाने बीजगणितासारखी मांडली. 1937 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने एमएस्सीच्या पदवीसाठी प्रबंध लिहिला आणि तेच बीजगणित रिले व स्विचच्या सर्किटांना लावता येते हे दाखवले. दोन अंकी पद्धतीने बेरीज करणारे सर्किटही त्या प्रबंधात होते. वहीतल्या पाच गेटांची आकृती त्याच विचाराची आहे, फक्त रिलेच्या जागी आता चिप आली.

ज्यांना असे फोटो पाठवावे लागतात त्यांना एक विनंती. अख्ख्या पानाचा फोटो पाठवू नका. मोबाइल जवळ नेऊन फक्त आकृती चौकटीत घ्या. 60 मिलिमीटर रुंदीची आकृती 1600 पिक्सेलांत आली तर प्रत्येक मिलिमीटरला 26 च्या आसपास पिक्सेल मिळतात, म्हणजे पानाच्या फोटोच्या पाचपट, आणि तेवढ्यात बबल व दुहेरी कमान दोन्ही टिकतात. पान सपाट ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे मोबाइलची सावली पडणार नाही. आणि कागद अजून तुमच्या हातात असतानाच प्रत्येक गेटशेजारी पेन्सिलने त्याचे नाव लिहून मग फोटो काढा.